लाल मातीत चेहरा हरवू नये म्हणून: पटकथेवरून कलरिस्टसाठी टिपण कसे लिहावे

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यात शूट केलेले फुटेज पुण्या-मुंबईच्या किंवा बंगळूरच्या कलरिस्टसमोर, म्हणजे फिल्मचे रंग आणि उजेड शेवटी जुळवणाऱ्या माणसासमोर, पहिल्यांदा गेले की बहुतेक वेळा एकच गोष्ट घडते. त्याला सगळीकडे तांबूस झाक दिसते, कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स हुकला असेल असे वाटते आणि तो ती झाक काढून टाकतो. त्याला दोष देता येत नाही, कारण ही माती त्याने पाहिलेलीच नसते. जांभ्याची जमीन, चिऱ्यांच्या भिंती, मंगळुरी कौले आणि त्यांवर आपटून वर येणारा उजेड, इथे खरोखरच सगळे तांबूस असते. पण हे त्याला कोणीतरी लिहून द्यायला हवे. ते काम दिग्दर्शकाचे किंवा त्याच्या सहायकाचे आहे आणि ते शूटच्या आधी सुरू होते.

उदाहरणासाठी वीसेक मिनिटांच्या लघुपटाची एक पटकथा घेऊ, या लेखापुरतीच रचलेली. थोरला भाऊ बेळगावात उद्यमबागेतल्या फौंड्रीत ओतकामावर आहे. आषाढात वडील जातात. तो खानापूर तालुक्यातल्या गावी येतो, मुंडण करून दिवसकार्याला बसतो. धाकट्याला शेत विकायचे आहे आणि थोरल्याला सही करून लवकर परत जायचे आहे. तेरावे झाल्यावर लावणीला माणूस कमी पडतो म्हणून तो चिखलात उतरतो आणि सही राहून जाते. सुगीनंतर एक दिवस तो पुन्हा गावी येतो, तेव्हा डोक्यावर बोटभर केस आलेले असतात.

## आधी भावाचे वाक्य, रंग नंतर

पटकथेच्या प्रिंटवर प्रत्येक सीनच्या समासात एक वाक्य लिहा. ‘उदास’, ‘तणावपूर्ण’, ‘प्रसन्न’ असे शब्द नकोत. माणसाला काय हवे आहे, ते कशाने अडले आहे आणि सीनमध्ये कुठल्या ओळीवर ते बदलते, एवढेच लिहायचे. आपल्या पटकथेत फौंड्रीच्या सीनसमोर असे येईल: ‘इथे तो कोणाचाच मुलगा नाही, म्हणून मोकळा आहे.’ दिवसकार्याच्या सीनसमोर: ‘उठून जायचे आहे, पण सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर आहेत.’ लावणीसमोर: ‘डोके नको म्हणते, हातांना आठवते.’ शेवटच्या सीनसमोर: ‘आता जायची घाई नाही आणि राहायचा हट्टही नाही.’

ही चार वाक्ये एकाखाली एक ठेवली की लक्षात येते की या कथेत जागा आणि भाव उलटे बसले आहेत. भट्टीजवळ, उष्णतेत आणि काजळीत, माणूस सैल आहे. हिरव्यागार गावात त्याचा श्वास कोंडतो. हे न सांगता फुटेज दिले तर कलरिस्ट सवयीने फौंड्री रखरखीत करेल आणि भातशेती खुलवेल. पावसाळी हिरवळ समोर आली की ती आणखी रसरशीत करायचा मोह कोणालाही होतो, पर्यटनाच्या जाहिरातींनी आपले सगळ्यांचे डोळे तसे घडवले आहेत. म्हणून टिपणाची पहिली ओळ हीच असावी: ‘या फिल्ममध्ये ऊब फौंड्रीत आहे, हिरवा रंग अंगावर येतो.’

## जागेवर कोणते रंग आधीच आहेत ते मोजा

पटकथा वाचून लगेच इंटरनेटवरून परदेशी फिल्मच्या फ्रेम गोळा करायला बसू नका. आधी जागेवर जा. मोबाइलचा कॅमेरा मॅन्युअल मोडवर टाका, व्हाइट बॅलन्स ५६०० केल्विनला कायम करा आणि ज्या जागी माणूस उभा राहणार तिथे कोणालातरी उभे करून फोटो घ्या. मोबाइलला आपोआप ठरवू दिले तर तोही कलरिस्टसारखाच मातीची झाक पुसून टाकतो आणि फोटो निरुपयोगी होतात. त्या माणसाच्या हातात एक करडे कार्ड द्या. कोरड्या दिवशी आणि पाऊस पडून गेल्यावर, दोन्ही वेळा फोटो घ्या.

मग ते फोटो डाविंची रिझॉल्व्ह या ग्रेडिंगच्या, म्हणजे रंग जुळवायच्या, सॉफ्टवेअरमध्ये टाका. त्याची फुकट आवृत्ती या कामाला पुरते. व्हेक्टरस्कोप उघडा. हा एक गोल आलेख असतो. मध्यबिंदूपाशी रंग नाही, बाहेर जाल तसा रंग गडद आणि दिशा म्हणजे कोणता रंग. त्यात लाल आणि पिवळ्याच्या मध्ये एक तिरकी रेषा दाखवता येते, तिला स्किन टोन लाइन म्हणतात. माणूस गोरा असो वा काळा, त्वचेची दिशा या रेषेच्या आसपासच पडते. फरक पडतो तो मुख्यतः उजळपणात.

आता याच आलेखात चेहरा, अंगणातली माती, चिऱ्याची भिंत, कौले आणि देवळावरचा भगवा पाहा. माती रेषेपासून किंचित लालकडे, भगवा जास्त गडद आणि थोडा पिवळ्याकडे, पण सगळी मंडळी एकाच गल्लीत राहतात. या भागातल्या ग्रेडिंगची खरी अडचण हीच आहे. शहरातल्या राखाडी भिंतीसमोर माणूस उभा केला तर चेहरा हा फ्रेममधला एकमेव उबदार रंग असतो, तो आपोआप उठून दिसतो. इथे तो पार्श्वभूमीत विरघळतो. कलरिस्टने क्वालिफायरने, म्हणजे रंग निवडायच्या साधनाने, त्वचा निवडली की अर्धे अंगण आणि मागचे छप्परही निवडले जाते. त्याने त्वचा थोडी पिवळसर केली की छप्परही पिवळसर होते.

ओली आणि कोरडी माती हे याच अडचणीचे दुसरे रूप आहे. वाळलेला जांभा फिकट, गुलाबीकडे झुकणारा आणि धुळकट दिसतो. पाऊस पडला की तीच जमीन एकदम काळपट होते आणि तिचा रंग दाट होतो. एका सीनचे अर्धे शॉट पावसाआधीचे आणि अर्धे नंतरचे असतील तर ते जुळवताना मातीचा रंग वाढवावा लागतो, आणि मातीसोबत चेहरेही लाल होतात. तेव्हा जमिनीपुरती विंडो, म्हणजे तेवढ्याच भागाला वेगळे काढणारी चौकट, आखून काम करावे लागते आणि माणूस त्या जमिनीवर चालत असेल तर शॉटभर ती विंडो सांभाळत बसावे लागते. असे शॉट किती आणि कोणते, ही यादी आधीच दिलीत तर कलरिस्ट त्यासाठी वेळ राखून ठेवतो. नाही दिली तर ते शेवटच्या दिवशी दुपारी उघड होते.

आणखी एक लक्षात ठेवा. हे सगळे जिल्ह्याच्या पश्चिम भागाचे आहे. चिकोडी, अथणीकडच्या काळ्या जमिनीला जवळजवळ स्वतःचा रंगच नसतो, तिथे चेहरा आपसूक सुटा दिसतो. खानापुरात बनवलेला लूक तिकडच्या सीनवर जसाच्या तसा टाकला की त्वचा भाजल्यासारखी दिसते. कथा दोन्हीकडे फिरत असेल तर टिपणही दोन भागांत लिहा.

## कोणता रंग कोणाचा

जागेवर मिळालेल्या रंगांतून तीन-चारच निवडा आणि प्रत्येकाला पटकथेतले काम द्या. आपल्या कथेसाठी मी असे ठरवेन. धातूचा नारिंगी थोरल्याच्या मोकळेपणाचा. भाताचा हिरवा गावाच्या ओझ्याचा. निळा घुसमटीचा. मातीचा तांबडा सुरुवातीला कोणाचाच नाही, लावणीच्या सीनपासून तो थोरल्याचा.

यातला निळा कुठून आणायचा? हवेतून आणू नका. ‘दुःखी सीन म्हणून निळसर’ हे सगळ्यांत आळशी टिपण. पूर्ण चित्रावर निळा ओतला की तांबडी माती जांभळट होते, हिरवा मोरपिशी होतो आणि प्रत्येक दुःखी सीन दुसऱ्या दुःखी सीनसारखाच दिसतो. रंगाला फ्रेममध्ये दिसेल असा उगम हवा. पावसाळ्यात आपल्याकडे घरोघरी पडवीला आणि अंगणाला निळी प्लास्टिकची ताडपत्री बांधतात. दिवसकार्याला बसलेली माणसे तिच्याच खाली बसतात. वरून येणारा सगळा उजेड त्या प्लास्टिकमधून गाळून येतो आणि चेहरे खरोखर निळसर होतात. कलरिस्टला तो निळा तयार करायचा नाही, किती ठेवायचा एवढेच सांगायचे आहे.

हे शूटच्या आधी ठरले तर त्याचा फायदा कला आणि वेशभूषा विभागालाही होतो. ताडपत्री निळी आहे आणि निळा घुसमटीचा आहे असे ठरले, तर आईला निळे लुगडे द्यायचे नाही आणि शेवटच्या सीनमध्ये धाकट्याच्या अंगात निळा शर्ट नको. जो रंग कपड्यातच नाही तो नंतर काढत बसावे लागत नाही. ग्रेडिंगच्या बजेटमधली मोठी बचत इथे होते.

फौंड्रीच्या नारिंगीबद्दल एक तांत्रिक इशारा टिपणात हवाच, आणि तो कॅमेरामनलाही द्या. वितळलेले लोखंड साच्यात ओतताना कॅमेऱ्यात आधी लाल चॅनल भरून फुटतो. एक्स्पोजर त्याहून वाढले की हिरवा वर चढत जातो, म्हणून तोच धातू एका शॉटमध्ये नारिंगी, दुसऱ्यात पिवळा आणि तिसऱ्यात पांढरा दिसतो. पिवळा झालेला धातू ग्रेडिंगमध्ये ओढून नारिंगी केला तर तिथे सपाट, रंगवलेला डाग दिसतो, कारण आतला तपशील उरलेलाच नसतो. म्हणून ओतण्याचे शॉट धातूसाठी एक्स्पोज करा आणि थोरल्याचा चेहरा अंधारात जाऊ द्या. त्या उजेडात त्याचा एक गाल दिसला तरी पुरे.

## टिपण प्रत्यक्ष कसे दिसते

सीनमागे पाच-सहा ओळींपेक्षा जास्त लिहू नका. क्रम मात्र पाळा: आधी भाव, मग उजेड, मग रंगाचा गडदपणा, मग कोणता रंग, आणि शेवटी कशाला हात लावायचा नाही. नवखे लोक रंगाच्या नावापासून सुरुवात करतात. प्रेक्षकाला सीनचा भाव आधी जाणवतो तो चेहरा आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातल्या फरकातून. रंग त्या फरकावर चढतो.

दिवसकार्याच्या सीनचे टिपण असे लिहिता येईल:

> सीन ६. पडवी, पावसाळी दुपार. थोरल्याला उठून जायचे आहे, जाता येत नाही. धाकटा ‘कागद तयार हाईत खरं’ म्हणतो तिथून जास्त कोंडते.
> उजेड: बाहेरचे शेत चेहऱ्यापेक्षा स्पष्टपणे उजळ. चेहरा वेव्हफॉर्मवर साधारण ३५, शेत ६० च्या आसपास. काळा तळाला टेकवू नका, पडवीतले कोपरे दिसले पाहिजेत.
> गडदपणा: बाहेरचा हिरवा उजळ पण फिका. दाट हिरवा नको, तो सीन ९ साठी राखून ठेवा.
> रंग: निळा वरून येतो. मुंडण केलेले डोके, कपाळ, नाक, खांद्यावरचा पंचा, एवढ्यावर राहू दे. हनुवटीखाली मातीवरून आलेला तांबूस उजेड आहे, तो घालवू नका.
> राखा: आईचा चेहरा स्किन लाइनवरच ठेवा. थोरल्याचा निळ्याकडे सुटला तरी चालेल.

यातल्या आकड्यांबद्दल थोडे. वेव्हफॉर्म म्हणजे चित्रातला उजेड शून्य ते शंभरच्या मापात दाखवणारा आलेख. ३५ आणि ६० हे आकडे पाळायचे नियम नाहीत. बाहेरचे शेत नुसते ‘जास्त उजळ’ म्हटले तर कोणी ४५ करेल, कोणी ८५. आकड्याने अंतर किती ते कळते. त्यातून कलरिस्ट स्वतःच्या डोळ्याने पाच-दहा इकडेतिकडे करेल, करू द्या.

बाहेर जास्त उजेड का, हाही प्रश्न येईल. घुसमट म्हटली की सगळे अंधारे करायचे, असा हात आपोआप जातो. पण सगळेच अंधारे असेल तर बाहेर पडायची जागाच दिसत नाही. इथे सुटका समोर दिसते, उजळ आहे, आणि हा माणूस मात्र पडवीच्या सावलीत बसून आहे. ‘कोपरे दिसले पाहिजेत’ हेही त्यासाठीच. कोपऱ्यात नातेवाईक बसलेले आहेत आणि त्यांच्या नजरा हाच तर अडसर आहे. अंधार टाकून त्यांनाच पुसले तर सीनचे काम संपले.

हनुवटीखालचा तांबूस उजेड ही वाचताना क्षुल्लक वाटणारी, पण पडद्यावर फार उपयोगाची गोष्ट आहे. पडवीच्या पुढची उघडी जमीन लाल असल्यामुळे तिच्यावरून परतलेला उजेड बसलेल्या माणसाच्या हनुवटीखाली, नाकपुड्यांजवळ आणि पंच्याच्या खालच्या घडीवर पडतो. वरून निळा, खालून तांबडा. एकाच चेहऱ्यावर कथेतली दोन्ही बळे बसलेली आहेत. स्वच्छ त्वचा करायच्या नादात कलरिस्ट हा खालचा तांबडा डाग समजून काढतो. म्हणून नाव घेऊन सांगावे लागते.

पांढऱ्याचेही तसेच. या मुलखात पंचा, धोतर, टोपी कधीच कोरे पांढरे दिसत नाहीत, त्यांत मातीची झाक असतेच. कलरिस्टला कुठला पांढरा खरा धरायचा हे सांगण्यासाठी प्रत्येक सेटअपला करडे कार्ड किंवा कलर चार्ट कॅमेऱ्यासमोर क्षणभर धरा, आणि ज्या उजेडात माणूस आहे त्याच उजेडात धरा. ताडपत्रीखालच्या सीनसाठी मात्र चार्ट ताडपत्रीखाली आणि बाहेर, दोन्हीकडे धरा आणि टिपणात लिहा: ‘बाहेरचा चार्ट प्रमाण.’ नाहीतर तो खालच्या चार्टवरून बॅलन्स करेल आणि ज्या निळ्यासाठी एवढा खटाटोप केला तो एका क्लिकमध्ये नाहीसा होईल.

## लावणीचा सीन: रंग कुठे वळतो

सीन ९ वेगळ्या पद्धतीने लिहावा लागतो, कारण यात भाव सीनच्या आतच वळतो. थोरला बांधावर उभा आहे, खाली उतरतो, पहिल्या काही मुठी चुकतात, मग हात लयीत येतात. पटकथेत ती ओळ शोधा आणि टिपणात तिचा टाइमकोड द्या: ‘इथून माती त्याची.’

वळणाआधी हिरवा दाट आणि थोडा निळ्याकडे, चेहरा त्यात बुडालेला. ढगाळ हवेत उजेड सपाट असतो आणि भोवतीची रोपे चेहऱ्याच्या सावलीच्या बाजूवर हिरवी झाक टाकतात. ही झाक काढण्यासाठी पूर्ण चित्राला मॅजेंटा, म्हणजे हिरव्याच्या विरुद्धचा रंग, देणे ही नेहमीची चूक. चेहरा सुधारतो, पण शेत तपकिरी, मेलेले दिसू लागते. टिपणात लिहा: ‘हिरवी झाक फक्त चेहऱ्याच्या विंडोत कमी करा आणि वळणानंतरच.’ वळणाआधी ती झाक आपल्याला हवी आहे, हिरवा त्याच्या अंगावर येतोय हेच तर सांगायचे आहे.

वळणानंतर हिरवा थोडा मागे सरकू द्या आणि हातापायांवरचा चिखल पुढे येऊ द्या. ओला चिखल आणि त्वचा एकाच गल्लीतले रंग आहेत, ही अडचण इथे फायद्याची होते. दोघे वेगळे न करता एकमेकांत मिसळू द्यायचे. पोटऱ्या कुठे संपतात आणि चिखल कुठे सुरू होतो हे कळू नये. एवढी लांब फिल्म आपण त्याचा चेहरा मातीच्या रंगापासून सुटा ठेवला, तो इथे मिसळला की प्रेक्षकाला काहीतरी सैल झाल्यासारखे वाटते. सुटे ठेवायची मेहनत आधीच्या सीनमध्ये झालेली नसेल तर इथले मिसळणे कोणाच्या लक्षातही येणार नाही.

हा बदल शॉटच्या आत कीफ्रेमने हळूहळू करायचा की कटवर, हे कलरिस्टवर सोडा. माझे मत विचाराल तर कटवर. शॉट चालू असताना रंग सरकला की प्रेक्षकाला कोणीतरी बटण फिरवल्यासारखे दिसते.

शेवटच्या, सुगीच्या सीनचे टिपण दोन ओळींत होते. कोरडी फिकट माती, वाळलेले गवत, सगळा गडदपणा खाली, काळा हलका. कोणताच रंग कोणाच्या अंगावर नको.

## टिपण बरोबर उतरते का, हे आधीच पाहा

कलरिस्टला सगळी फिल्म देण्याआधी फौंड्री, पडवी आणि चिखल यांची एकेक फ्रेम द्या आणि टिपणावरून तेवढ्याच ग्रेड करून मागा. आल्यावर दोन गोष्टी करा.

पहिली, सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा गडदपणा, शून्यावर आणा आणि कृष्णधवल चित्र पाहा. पडवीच्या फ्रेममध्ये माणूस अजूनही सावलीत आणि सुटका अजूनही बाहेर दिसते का? दिसत नसेल तर उजेडाची ओळ नीट उतरलेली नाही आणि रंगाने नुसती सारवासारव केली आहे.

दुसरी, तिन्ही फ्रेम कथेच्या क्रमाने मागे-पुढे लावून पाहा. डोळा सवयीने जगतो. निळ्या पडवीत काही मिनिटे बसलेला प्रेक्षक शेतात आला की त्याला माती आहे त्याहून तांबडी वाटते. वेगळी काढून ग्रेड केलेली फ्रेम सुंदर दिसते आणि सलग पाहताना भडक होते, ते यामुळेच. टिपणात प्रत्येक सीनच्या डोक्यावर ‘याआधी सीन ५, यानंतर सीन ७’ असे लिहून ठेवा, कारण कलरिस्ट सोयीसाठी एका जागेचे सगळे सीन एकत्र करतो आणि क्रम विसरला जातो.

पाहताना खोली मंद उजेडाची हवी आणि मॉनिटर कॅलिब्रेट केलेला: रेक ७०९, गॅमा २.४, पांढरा डी ६५, उजळपणा १०० निट्स. घरच्या लॅपटॉपवर पाहून ‘जरा डल वाटतंय’ असा निरोप पाठवू नका. लॅपटॉपवर पाहिलेच असेल तर तसे निरोपात लिहा, म्हणजे त्याला त्यातून काय घ्यायचे ते कळेल.

## झेंडे, पाट्या आणि आपला प्रेक्षक

हा भाग बाहेरच्या कलरिस्टला सुचणारच नाही, म्हणून स्वतंत्र शीर्षकाखाली लिहा. आपल्याकडच्या फ्रेममध्ये देवळावर, चौकात, रिक्षावर भगवा असतो, आणि बसस्टँड किंवा सरकारी कचेरीजवळ कन्नडचा पिवळा-लाल झेंडा. मातीला तांबडे करण्यासाठी एका रंगाची दिशा दुसऱ्याकडे वळवणाऱ्या ह्यू व्हर्सेस ह्यू कर्व्हवर नारिंगी लालकडे ढकलला की भगवा लाल होतो. त्वचा सुधारताना पिवळा नारिंगीकडे गेला की दुसऱ्या झेंड्याचा पिवळा पट्टा भगव्यासारखा दिसू लागतो. बाकी कुठे हे खपून जाईल. बेळगावात पहिल्याच खेळाला कोणीतरी उठून विचारेल आणि मग चर्चा फिल्मची राहणार नाही.

त्यामुळे झेंडे दिसणाऱ्या शॉटची टाइमकोडसह यादी द्या, सोबत झेंड्याचा उन्हातला खरा फोटो द्या आणि लिहा: ‘रंगाची दिशा बदलायची नाही, उजळपणा आणि गडदपणा कमी-जास्त केला तर चालेल.’ हीच सूचना कन्नड आणि मराठी पाट्यांनाही लागू. झेंडा कथेत काहीच करत नसेल तर कॅमेरा थोडा वळवून तो टाळणे सर्वांत स्वस्त. हे कॅमेरामनला आधी सांगा.

## ग्रेडिंगच्या दिवशी

कलरिस्टच्या मागे बसून ‘थोडा निळा कमी करा, आता जरा वाढवा’ असे करत राहिलात तर दुपारपर्यंत दोघांचेही डोळे थकतात आणि मग काहीही चालून जाते. टिपण समोर ठेवा आणि भावाचे वाक्य बोला: ‘तो अजून अडकलेला वाटत नाही.’ उपाय त्याला शोधू द्या. तो कदाचित निळ्याला हातच लावणार नाही, मागच्या शेताचा उजेड पाच टक्के वाढवेल आणि काम होईल. अधूनमधून पाच मिनिटे खोलीबाहेर जाऊन करड्या भिंतीकडे किंवा आकाशाकडे पाहा, मग परत या. पटलेल्या प्रत्येक फ्रेमचा स्टिल जतन करायला सांगा, नाहीतर संध्याकाळी सकाळचीच चर्चा पुन्हा होते.

एडिटवर वापरलेल्या तात्पुरत्या लूकची सवय लागलेली असते, हेही ध्यानात ठेवा. महिनाभर तो लूक पाहून झाल्यावर कुठलाही नवा ग्रेड परका वाटतो. त्या दिवशी निर्णय न घेता फाइल घरी न्या, रात्री सोडून द्या आणि सकाळी एकदा पाहा.

शेवटी फाइल मागताना एकच मागू नका. महोत्सवांसाठी आणि ऑनलाइनसाठी मुख्य फाइल झालीच, पण आपल्याकडची फिल्म गावात, शाळेच्या वर्गात, पूर्ण न झाकलेल्या खिडक्यांमधून उजेड येत असताना साध्या प्रोजेक्टरवर दाखवली जाते. तिथे भिंत स्वतःच उजळ असते, म्हणून तळातला अंधार सगळा एकसारखा राखाडी होतो आणि पडवीच्या कोपऱ्यातले नातेवाईक नाहीसे होतात. सावल्या थोड्या वर उचललेली, मधला उजेड वाढवलेली दुसरी फाइल त्याच दिवशी काढून घ्या. टाइमलाइन उघडी असताना कलरिस्टला ते थोड्या वेळाचे काम असते. नंतर मागितलीत तर जतन केलेला प्रोजेक्ट आणि ड्राइव्ह पुन्हा शोधण्यापासून सुरुवात होते.